घर बघण्याआधीचा इसार

माझे वडील तलाठी होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या चार गावांची दप्तरं त्यांनी आयुष्यभर सांभाळली आणि शेत विकत घेणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट ऐकवली: बांधावर उभं राहिल्याशिवाय आणि सातबारा वाचल्याशिवाय इसार द्यायचा नाही. इसार म्हणजे सौदा पक्का करायला आधी दिलेली थोडी रक्कम. पुण्यात त्यालाच टोकन म्हणतात. मी लहानपणी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की पाढ्यांसारखं पाठ झालं होतं. आणि पाढ्यांसारखंच, ऐन गरजेच्या वेळी मला ते आठवलं नाही.

तेव्हा मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. आमच्याकडे दोन रकाने असतात: काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. दोन्ही जुळले नाहीत की आम्ही खूश. थोडक्यात, मला पगार संशय घेण्याचा मिळायचा. राहायला मी कर्वेनगरात होते, एका बाईंच्या घरात, पेइंग गेस्ट म्हणून. एका खोलीत तिघी, भिंतीला तीन लोखंडी कपाटं, आणि गिझर लावायचा तर आधी परवानगी.

त्या बाईंनी एका सकाळी पोह्यांबरोबर बातमी दिली की महिनाअखेर सगळ्यांनी खोल्या सोडायच्या, खाली दाताचा दवाखाना यायचाय. मी घरी फोन केला आणि चूक केली. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक तारखेपर्यंत धड घर मिळालं तर ठीक. नाई तर मी येतो तुले घ्यायले. दोन तिकिटं काढून ठेवतो." त्यांच्या मते मुलीनं पुण्यात नोकरी करणं ठीक होतं, पण स्वतः घर घेऊन एकटीनं राहणं म्हणजे भलतंच. यवतमाळला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची जागा त्यांनी माझ्यासाठी हेरून ठेवली होती. ती नोकरी वाईट नव्हती. पण मला ती नको होती. मला स्वतःच्या दाराचं स्वतःचं कुलूप हवं होतं, आणि ते मिळवायला हातात पंधराच दिवस होते.

एकटी मुलगी म्हटलं की पुण्यातल्या घरमालकांची तोंडं कशी होतात, यावर मी एक वेगळा लेख लिहू शकेन. "फॅमिली असेल तर बघू" हे मी नऊ ठिकाणी ऐकलं. दहाव्या ठिकाणच्या काकांनी तर मला सरळ विचारलं, "लग्न कधी करताय? म्हणजे मग घर देता येईल." आणि अशा वेळी भाड्याच्या घरांच्या एका साइटवर ती जाहिरात दिसली. वन बीएचके, कर्वेनगर, बी विंग, दुसरा मजला. एकट्या स्त्रीला प्राधान्य. दलाल नाही. भाडं आजूबाजूच्या दरापेक्षा जरा कमी, संशय यावा इतकं नाही, हायसं वाटावं इतकंच. सहा फोटो होते. निळे पडदे, पांढरा ओटा, बाल्कनीत एक झोपाळ्याचा हूक. मी त्या हुकाकडे बघत बसले आणि मनातल्या मनात झोपाळाही टांगून मोकळी झाले.

फोन केला. समोरचा माणूस हिंदीत बोलत होता, अतिशय अदबीनं. निमलष्करी दलात अधिकारी आहे म्हणाला, बदली आसामात झाली म्हणून घर भाड्यानं द्यायचं. लगेच गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र मेसेजवर आलं. मग म्हणाला, "पहले अमरावती में पोस्टिंग थी।"

आता यात दोष माझा आहे. मी ताडकन विचारलं, "अमरावती? कुठे, कॅम्पात का?"

"हाँ मैडम, कैंप के पास।"

"ते मोठं देवीचं मंदिर आहे त्या बाजूला?"

"वहीं तो जाते थे हर मंगलवार।"

मी विचारायचं आणि त्यानं हो म्हणायचं. पाच मिनिटांत मी त्या माणसाला संपूर्ण अमरावती पुरवली, आणि वर मलाच वाटलं की काय योगायोग, आपल्याकडचा माणूस भेटला. पुण्यात तीन वर्षं राहून आमच्या बाजूच्या लोकांना ही एक सवय लागते. अमरावती-अकोला-यवतमाळ यातलं एखादं नाव कानावर पडलं की आम्ही विरघळतो. इथे आमच्या बोलण्याला हसणारे पुष्कळ असतात, त्यामुळे गावाचं नाव घेणारा माणूस आपोआप सज्जन ठरतो.

मग मुद्दा आला. सोसायटी फार कडक आहे, बाहेरच्यांना आत सोडत नाही. घर बघायचं तर गेट पास काढावा लागतो. त्यासाठी दहा हजार टोकन भरायचं. घर आवडलं तर डिपॉझिटमधून वजा, नाही आवडलं तर दहा मिनिटांत परत. चावी सोसायटीच्या ऑफिसात आहे. आणि घाई अशी की अजून दोन पार्ट्या मागे लागल्यात, "लेकिन आप अपने साइड की हैं, इसलिए।"

मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसून पैसे पाठवायचं ॲप उघडलं. त्यानं दिलेला आयडी टाकला, रक्कम टाकली. स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं. ओळखपत्रावरचं नाव ते नव्हतं. कुठल्या तरी ट्रेडर्सचं होतं. खाली पिन मागणारे चौकोन चमकत होते.

खरं सांगते, त्या क्षणी मला वडील आठवले नाहीत. मला माझे दोन रकाने आठवले. काय यायला हवं होतं: मालकाचं नाव. काय आलं: ट्रेडर्स. नोकरीत याहून छोट्या चुकीवर मी अख्खा प्रोग्रॅम परत पाठवलेला होता, आणि इथे स्वतःच्या पैशांवर गप्प बसणार होते? मी ॲप बंद केलं. त्याला विचारलं, तर म्हणाला की ते सोसायटीच्या अकाउंटंटचं खातं आहे. उत्तर तयार होतं. तयार उत्तरं देणारे प्रोग्रॅमर मला ऑफिसातही आवडत नाहीत.

मग मीही म्हणाले, "शनिवारपर्यंत थांबा, पगार व्हायचाय." पगार होऊन आठवडा झाला होता.

शनिवारी सकाळी मी त्या सोसायटीच्या फाटकाशी उभी राहिले. पत्ता खरा होता, इमारत खरी होती. बाल्कनीतला तो हूकसुद्धा खालून दिसत होता. वॉचमनमामांना मी विचारलं, "गेट पास कुठे मिळतो?"

"पास?" त्यांनी तंबाखूची गोळी या गालातून त्या गालात नेली. "कसला पास? ह्ये रजिस्टर हाय. नाव लिवा, सही करा, जावा. त्याच बी विंगचा पास मागत या आठवड्यात तुम्ही तिसऱ्या आला. काय वाटप चाललंय का पासचं?"

"फ्लॅटची चावी ऑफिसात आहे ना?"

"कुलूप हाय त्याला. चावी मालकापाशी. ऑफिसात नुसता क्यारम हाय."

सेक्रेटरीकाका ऑफिसात होते, कॅरमच्या शेजारीच. बँकेतून निवृत्त झालेले, चष्मा दोरीला बांधलेला, समोर चहा. मी सगळं सांगितलं आणि विचारलं की त्या फ्लॅटचे मालक कोण. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, सभासदांची नावं आणि फोन नंबर आल्यागेल्याला वाटायला हे काय हळदीकुंकू आहे? तुम्ही त्या भामट्याच्याच साथीदार नसाल कशावरून?"

मला राग आला आणि पटलंही. मी चरफडत बाहेर पडले. पण फाटकाजवळ सोसायटीचा जुना फलक होता, नोंदणी क्रमांक आणि त्याखाली सर्व्हे नंबर लिहिलेला. तो मी टिपून घेतला. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी एक ताई नुकतीच घर घेऊन दमली होती. तिच्याकडून एवढं कळलेलं होतं की नोंदणी खात्याच्या साइटवर घरांच्या खरेदीखतांचा शोध कुणालाही फुकट घेता येतो, आणि त्यात सूची क्रमांक दोन नावाचा एक पानी उतारा मिळतो. घर कुणी विकलं, कुणी घेतलं, फ्लॅट नंबर कुठला, सगळं त्यावर असतं. लोक त्याला इंडेक्स टू म्हणतात.

समोरच्या अमृततुल्यात एक चहा सांगितला आणि बाकावर बसून फोनवर साइट उघडली. जिल्हा पुणे, तालुका हवेली. मग गाव निवडायचं. गावांच्या यादीत कर्वेनगर नव्हतं. वरून खाली दोनदा बघितलं, नव्हतंच. मला वाटलं, झालं, इथेही आपल्याला जागा नाही.

आणि मग, अखेरीस, मला वडील आठवले. फोन केला. "बाबा, सरकारी कागदात गावाचं नाव जुनंच राहते ना?"

"हाव. नगर, कॉलनी हे लोकायनं पाडलेलं नाव. कागदावर मूळ गाव राहते. कायले पाहिजे तुले?"

"असंच. ऑफिसात काम होतं."

"शनिवारी?"

मी फोन ठेवला आणि चहावाल्या काकांना विचारलं, कर्वेनगर आधी काय होतं. त्यांनी चहा गाळता गाळता सांगितलं, "हिंगणे बुद्रुक की. माझ्या आज्याचं रान हितंच हुतं." यादीत हिंगणे बुद्रुक होतं. सर्व्हे नंबर टाकला. मग एकेक वर्ष बदलत जायचं, दर वेळी कॅप्चाची ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून भरायची, आणि साइट दर तिसऱ्या वेळी अडकायची. चार चहा झाले. पाचव्या चहाला तो फ्लॅट सापडला. सोसायटीचं नाव, बी विंग, दुसरा मजला, क्रमांक, चौरस फूट. लिहून घेणार, म्हणजे विकत घेणार, म्हणून एका बाईंचं नाव होतं. ठसठशीत पुणेरी आडनाव. ओळखपत्रावरच्या साहेबांशी त्याचा काही संबंध नव्हता. मी बाकावर बसूनच मोठ्यानं "सापडलं" म्हणाले. चहावाल्या काकांनी न विचारता सहावा चहा दिला.

मी लगेच साहेबांना फोन लावला. नाव मात्र सांगितलं नाही. एवढं शहाणपण मला आलं होतं, अमरावतीवरून. म्हणाले, "कागदावर घर एका बाईंच्या नावावर दिसतंय."

अर्धा सेकंदसुद्धा गेला नाही. "हाँ मैडम, मेरी वाइफ के नाम पे है।"

"नाव काय त्यांचं?"

आता मात्र दोन सेकंद गेले. "टोकन भेजिए, पूरा आधार कार्ड भेज देता हूँ। आपको भरोसा नहीं क्या? हम फौजी आदमी हैं।"

मी म्हणाले, भरोसा आहे, तासाभरात पैसे पाठवते. आणि परत सेक्रेटरीकाकांच्या समोर जाऊन उभी राहिले. "काका, तुम्ही नाव सांगू नका. मी सांगते, तुम्ही फक्त मान हलवा." नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली नाही. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

काकांनी स्वतःच बाईंना फोन केला. त्या कसबा पेठेत राहायच्या, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. कर्वेनगरचा हा फ्लॅट त्यांनी नोकरीत असताना घेतला होता आणि आधीचा भाडेकरू गेल्यापासून बंद होता. अर्ध्या तासात त्या रिक्षानं आल्या. बारीक अंगाच्या, खांद्याला कापडी पिशवी. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "मीटरप्रमाणे झाले तेवढेच घ्या, वरचे दोन रुपये तुम्हाला पुरणार नाहीत आणि मला परवडणार नाहीत." मग आत आल्या आणि जाहिरात बघितली.

"हे पडदे मी शिवलेत," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांपूर्वी भाच्यानं जाहिरात टाकली होती, त्यातले फोटो उचललेत. निळा रंगसुद्धा चोरला मेल्यानं." आवाज चढला नव्हता, पण त्या संतापल्या होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लावा त्याला फोन. स्पीकरवर. मी तुमची मावशी."

काकांनी ऑफिसचं दार लावून घेतलं. वॉचमनमामा दाराबाहेर होते ते त्याआधीच आत शिरले. मी फोन लावला आणि म्हणाले, पैसे पाठवतेय, पण माझ्या मावशीला दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

बाईंचं हिंदी अस्सल कसब्यातलं. "हमारे भाची को सकाळी लवकर जाना पडता है. तो पानी कितने बजे आता है?"

"चौबीस घंटे, मैडम। फुल प्रेशर।"

काकांना ठसका लागला. मामांनी तोंडावर टोपी दाबली. त्या सोसायटीत पाणी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास सुटायचं, गच्चीवरचा व्हॉल्व्ह मामाच उघडायचे, आणि त्यात पाच मिनिटं उशीर झाला तर त्यावर सर्वसाधारण सभेत ठराव यायचा. जो माणूस त्या इमारतीत एक दिवसही राहिला असेल तो झोपेतसुद्धा पाण्याची वेळ चुकणार नव्हता.

"अच्छा," बाई म्हणाल्या. "और घर आपके बायको के नाम पर है?"

"जी, वाइफ के नाम पे।"

"वो किधर रहती है?"

"यहीं हैं, मेरे साथ। किचन में हैं।"

बाईंनी फोन जवळ ओढला, चष्मा सारखा केला आणि ज्या सुरात त्यांनी तीस वर्षं आठवी ब चा वर्ग गप्प केला असेल, त्या सुरात म्हणाल्या, "मैं किचन में नहीं हूँ. मैं सोसायटी के ऑफिस में हूँ. मैं आपकी वाइफ बोल रही हूँ. आप घर कब आनेवाले हो?"

पलीकडून फोन कट झाला. काका टेबलावर डोकं ठेवून हसत होते. कॅरमच्या सोंगट्या खाली पडल्या होत्या आणि मामा त्या गोळा करता करता परत परत म्हणत होते, "घर कवा येणार म्हनली!" मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. दहा घरमालकांनी केलेला अपमान त्या हसण्यात वाहून गेला.

बाई मात्र लगेच कामाला लागल्या. जाहिरातीचे, मेसेजचे, त्या ट्रेडर्सच्या आयडीचे स्क्रीनशॉट मला काढायला लावले. सायबर फसवणुकीच्या सरकारी साइटवर त्यांच्या नावानं तक्रार भरली, मग जाहिरातीच्या साइटवाल्यांना कळवून सूची क्रमांक दोन पुरावा म्हणून जोडला. संध्याकाळपर्यंत जाहिरात उतरली. काकांनी फाटकावर कागद चिकटवला: "या सोसायटीत घर बघण्यास पैसे पडत नाहीत. पडत असते तर आम्हीच घेतले असते." खाली सही, शिक्का.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "हं. तुम्ही माझे कागद बघितलेत. आता तुमचे दाखवा."

मी ऑफिसचं ओळखपत्र दाखवलं, आधार दाखवलं, पगाराची पावती मोबाईलवर दाखवली. एकटी आहे हे मी आधीच सांगून टाकलं, म्हणजे अकराव्यांदा ऐकायचं ते लवकर ऐकून संपेल. त्या म्हणाल्या, "एकटी आहात ते दिसतंय. मीही एकटीच आहे. त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

मला एकदम रडू येईल असं वाटलं. ते येऊ नये म्हणून मी फोन काढला. "बाई, मी आत्ता टोकन देते. दहा हजार. नाहीतर दुसरं कुणी..."

"अहो!" त्यांनी असा आवाज काढला की मामा सावध उभे राहिले. "सकाळपासून काय शिकलात? आधी घर बघा. नळ सोडून बघा, खिडक्या लावून बघा, संडासात फ्लश करून बघा. मग पैशांचं बोला. आणि भाड्यात काही कमी होणार नाही. त्या भामट्यानं सांगितलं ते भाडं त्याच्या आसामातल्या घराचं."

आम्ही वर गेलो. दाराला पितळी कुलूप होतं, त्याला आधी वर उचलून मग किल्ली फिरवावी लागायची. पडदे विटले होते. ओटा फोटोतल्यापेक्षा आखूड होता. मी सगळे नळ सोडले, एकातही पाणी नव्हतं, कारण ती पाण्याची वेळ नव्हती. बाल्कनीत जाऊन मी त्या हुकाला लोंबकळून बघितलं. तो घट्ट होता.

"का देताय मला घर?" मी विचारलं.

"जी मुलगी दहा हजार द्यायच्या आधी माझं नाव शोधून काढते, ती जाताना गॅस बंद करेल," बाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात करार झाला. करार नोंदवून देणारा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन त्याच फ्लॅटमध्ये आला. मालक आणि भाडेकरू दोघांचे ठसे आधारशी जुळल्याशिवाय करार पुढे सरकत नाही, हे त्यानं सांगितलं आणि मी मनात म्हटलं, हे कुठल्याही फौजी साहेबाला जमलं नसतं. बाईंचा अंगठा मात्र तीन वेळा जुळेना. खडू धरून धरून रेषा गेल्या, असं त्या म्हणाल्या. "आता मीच भामटी ठरते की काय." शेवटी बोट ओलसर फडक्यानं पुसून तर्जनी लावली तेव्हा हिरवी खूण आली. त्याच वेळी वीजबिल आणि महापालिकेच्या मिळकतकराची पावती मी मागून घेतली. दोन्हींवर तेच नाव होतं. बाईंनी कौतुकानं नाही, पण तक्रार न करता ती दिली. डिपॉझिट त्यानंतर गेलं, बाईंच्या नावाच्या खात्यात, आणि स्क्रीनवर आलेलं नाव मी मोठ्यानं वाचून मगच पिन टाकला.

एक तारखेला वडील आले. रात्रभर बसमध्ये बसून, हातात एक पिशवी, पिशवीत तूरडाळ आणि आईनं दिलेली शेवयांची पुरचुंडी. मी फोनवर घर मिळालं एवढंच सांगितलं होतं. त्यांचा विश्वास बसलेला नव्हता. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, पण आत आले नाहीत. उंबऱ्यावरच उभे राहिले.

"कागद?" म्हणाले.

मी फाइल दिली. सूची क्रमांक दोन, करपावती, वीजबिल, नोंदवलेला करार. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली. माझ्या आयुष्यात मी इतक्या परीक्षा दिल्या, इतक्या मुलाखती दिल्या, पण त्या दहा मिनिटांइतकी मी कधी घाबरले नाही. मी चहा टाकायलाही विसरले. त्यांनी गावाचं नाव वाचलं, मान वर केली. "हिंगणे बुद्रुक. म्हून फोन केला होता का तू शनिवारी?"

"हो."

"चतुःसीमा नाई दिली यात."

"फ्लॅटला नंबरच असतो, बाबा."

"हं." पान उलटलं. नावं एकमेकांशी बोट ठेवून ताडून पाहिली. सही, शिक्का, तारीख. मग चष्मा काढून मिटला. "इसार कधी देल्ला?"

"घर पाहिल्यावर. नळ सोडून पाहिले. कागद वाचले. मालकीणबाईंना भेटले. त्यानंतर."

तो दहा हजारांचा किस्सा मी तेव्हा सांगितला नाही. दोन वर्षांनी सांगितला, तेव्हा ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि "घर कब आनेवाले हो" हे आजही आईला बाजारातून उशीर झाला की ते तिला फोनवर विचारतात.

पण त्या सकाळी ते हसले नाहीत. त्यांनी फाइल दोन्ही हातांनी मला परत दिली, जशी ते खरेदीखत पक्कं झाल्यावर शेतकऱ्याला देत असत. मग उंबरा ओलांडून आत आले, घरभर फिरले, बाल्कनीत जाऊन हूक ओढून पाहिला. शर्टाच्या खिशातून त्यांनी परतीची दोन तिकिटं काढली, खिडकीजवळ नेऊन नीट सुटी केली आणि त्यातलं एक माझ्या हातात ठेवलं.

"हे वापस करून ये, माय," ते म्हणाले. "अर्धे पैसे तरी देतीन."